चप्पल, परात, समई आणि मसाला: कोणत्या वस्तूला कॅमेऱ्याचा कोणता कोन

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या परिसरात आमचे जुने दुकान आहे. कोल्हापुरी चप्पल आणि तांब्या-पितळेची भांडी हा मूळ व्यवसाय असून अलीकडे माझ्या जाऊबाईंनी केलेला कांदा-लसूण मसालाही तेथे ठेवला जातो. २०२४ च्या जूनमध्ये हा माल एका ऑनलाइन बाजारपेठेवर ठेवायचे आम्ही ठरवले. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापर्यंत निदान भांडी आणि समया तरी विक्रीला दिसाव्यात असा बेत होता. जीएसटी क्रमांक, बँकेचे खाते आणि मसाल्याची अन्न परवान्याची नोंदणी ही कागदपत्रे तयार असल्यामुळे विक्रेता म्हणून नाव नोंदवणे फारसे अवघड गेले नाही. खरा वेळ गेला तो छायाचित्रांत, आणि त्यातही प्रकाशापेक्षा कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर ठेवायचा या प्रश्नात. हे काम नुकतेच सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून तो अनुभव येथे क्रमाने लिहीत आहे.

बाजारपेठेच्या नियमपत्रिकेत पहिल्या, म्हणजे मुख्य चित्राविषयी बऱ्याच अटी होत्या. पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापलेला हवा, मोठे करून पाहता यावे म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेलची हवी, आणि चित्रात विक्रीत नसलेली कोणतीही वस्तू नको. पादत्राणांसाठी वेगळी अट होती: जोडी न दाखवता एकच नग, डावीकडे तोंड केलेला आणि ४५ अंशांत वळवलेला. भांड्यांसाठी आणि खाद्यपदार्थांसाठी मात्र कोनाबद्दल एक अक्षरही नव्हते. मुख्य चित्रानंतरची चित्रे कशी असावीत हेही विक्रेत्यावर सोपवलेले होते.

मी काउंटरवर बसत असल्याने एक गोष्ट मला ठाऊक होती. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतल्यावर ती कशी फिरवते, हे प्रत्येक मालाचे ठरलेले असते. चप्पल घेणारा ती आडवी धरून तळाची जाडी पाहतो, पातेले घेणारी बाई आधी आत डोकावते, आणि बरणी घेणारे लेबल वाचतात. ऑनलाइन खरेदीत हे फिरवणे आपण त्यांच्या वतीने करायचे असते, म्हणून प्रत्येक मालासाठी मी आधी गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न वहीत लिहिला आणि कोन त्यावरून ठरवला.

सामान थोडेच घेतले. आडवा दांडा बसवता येणारा ट्रायपॉड साधारण अडीच हजारांना मिळाला. पांढरी पीव्हीसी शीट, थर्माकोलचे तक्ते आणि काळा कार्डबोर्ड मिळून आणखी हजारभर रुपये गेले. कॅमेरा म्हणून फोनच वापरला आणि प्रकाशासाठी उत्तरेकडची खिडकी. पावसाळ्यातल्या ढगाळ हवेत तो प्रकाश मऊ असतो, पण तो घटकेघटकेला कमी-जास्त होतो, म्हणून एका प्रकारचा सगळा माल एकाच बैठकीत टिपावा. आडवा दांडा पुढे झुकून ट्रायपॉड कलंडतो, तेव्हा मागच्या पायाला वाळूची पिशवी बांधायला विसरू नये.

कोनाच्या आधी अंतर ठरवावे लागते, हे पहिल्याच दिवशी लक्षात आले. फोनची मुख्य लेन्स रुंद असते आणि चौकट भरण्यासाठी आपण नकळत वस्तूच्या जवळ जातो. २७ सेंटिमीटर लांबीची चप्पल ४५ अंशांत वळवली की तिचे जवळचे टोक आणि लांबचे टोक यांच्यात सुमारे १९ सेंटिमीटरचे अंतर पडते. फोन ४० सेंटिमीटरवर असेल तर जवळचे टोक लांबच्या टोकापेक्षा दीडपटीहून मोठे दिसते, आणि चप्पल पुढून फताडी नि मागे निमुळती होत गेलेली भासते. तीच चप्पल १२० सेंटिमीटरवरून टिपली तर हा फरक साधारण १७ टक्क्यांवर येतो, जो डोळ्याला खटकत नाही. म्हणून फोन १२० सेंटिमीटरवर ठेवून दुप्पट किंवा तिप्पट झूम वापरायचा असे ठरवले. त्या अंतरावर उंचीचे गणितही सोपे होते. लेन्स वस्तूच्या मध्यापेक्षा ३२ सेंटिमीटर वर असेल तर १५ अंश, ७० सेंटिमीटर वर असेल तर ३० अंश आणि १२० सेंटिमीटर वर असेल तर ४५ अंश मिळतात. या तिन्ही उंचींच्या खुणा ट्रायपॉडच्या दांड्यावर मार्करने केल्या आणि पायांच्या जागा फरशीवर चिकटपट्टीने आखल्या.

सुरुवात चप्पलपासून केली, कारण तिचा मुख्य कोन नियमानेच ठरला होता. डावीकडे तोंड करायचे असल्यामुळे डाव्या पायाची चप्पल घेतली, म्हणजे तिची बाहेरची बाजू समोर येते. नियमात ४५ अंशांत वळवणे सांगितले होते, पण कॅमेऱ्याची उंची सांगितलेली नव्हती, आणि कोल्हापुरीच्या बाबतीत सगळा फरक त्या उंचीनेच पडतो. १५ अंशांवर पाहिले तर बाजूचा कान, म्हणजे तळाच्या कडेची चामड्याची पाळी, पट्ट्याला झाकतो आणि पलीकडचा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची कडी, जवळजवळ दिसेनासा होतो. ४५ अंशांवर पट्टा, वेणी आणि अंगठा स्वच्छ दिसतात, पण तळ चपटा वाटून चप्पल पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दिसू लागते. ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान कानाचा बाक, वेणीची वीण आणि तळाची कड या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात येतात. यालाच थ्री-क्वार्टर म्हणतात: समोर, बाजू आणि वरचा भाग तिन्ही थोडेथोडे दाखवणारा कोन. ज्या वस्तूला तिन्ही बाजूंनी सांगण्यासारखे काही आहे, तिथेच तो उपयोगी पडतो.

आमचे एक कारागीर काका, जे वर्षानुवर्षे आम्हाला चप्पल पुरवतात, ते त्या वेळी दुकानात आले होते. फोनवरचे चित्र बराच वेळ निरखून ते म्हणाले, “सूनबाई, दिसायला झकास आहे. पण तळ किती पदरी आहे आणि शिवण वादीची आहे का खिळ्याची, हे यात कुठं कळतंय?” ही शंका रास्त होती. अस्सल कोल्हापुरीचा तळ चामड्याचे थर एकावर एक ठेवून चामड्याच्या वादीने शिवलेला असतो आणि किमतीतला फरक बराचसा तिथेच असतो. थ्री-क्वार्टर कोनात त्या कडेची एक बारीक पट्टी तेवढी दिसते.

त्यासाठी लो अँगल घेतला. येथे एक साधी युक्ती सांगते. फोनची लेन्स वरच्या टोकाला असते, त्यामुळे फोन नेहमीसारखा उभा ठेवला तर लेन्स टेबलापासून बरीच वर राहते. फोन उलटा, म्हणजे डोके खाली करून ठेवला की लेन्स टेबलापासून अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर येते आणि नजर थेट तळाच्या पातळीला जाते. चप्पल संपूर्ण आडवी ठेवून टाचेकडचा अर्धा भाग टिपला. चामड्याचे थर, वादीचे टाके, टाचेची उंची सगळे स्पष्ट दिसले. खिडकीचा प्रकाश बाजूने, टाक्यांना घासून जाईल असा घेतला तर टाके उठून दिसतात, समोरून घेतला तर ते सपाट होऊन जातात. याच कोनात पट्ट्याची नक्षी कानाआड पूर्ण लपते, त्यामुळे मुख्य चित्र म्हणून तो निरुपयोगी आहे.

तिसरे चित्र वरून, म्हणजे टॉप अँगलने घेतले. पायाचा आकार, पंजाची रुंदी, डाव्या-उजव्यातला फरक आणि तळावरची ठशाची नक्षी हे सगळे फक्त वरूनच समजते, आणि येथे जोडी दाखवायला नियमाची आडकाठी नव्हती. वरून टिपताना फोन जमिनीला समांतर नसेल तर टाचेकडचा भाग रुंद आणि पंजा अरुंद दिसतो, किंवा उलट होते. गिऱ्हाईक याच चित्रावरून मापाचा अंदाज बांधत असल्यामुळे हा दोष महागात पडतो. काही फोनमध्ये ग्रिड सुरू केल्यावर वरून धरताना दोन अधिक चिन्हे दिसतात आणि फोन समांतर झाला की ती एकमेकांवर येतात. ती सोय नसेल तर खाली चौकटीचा कागद ठेवून एक चाचणी चित्र घ्यावे. कागदाच्या कडा चौकटीच्या कडांना समांतर आल्या की कागद काढून घ्यावा.

जुलैत भांड्यांकडे वळलो आणि खरी परीक्षा तिथे होती. भांड्याचा कोन तपासण्याची एक पद्धत मला फार उपयोगी पडली. गोल तोंडाचे भांडे तिरके पाहिले की तोंड लंबगोल दिसते. चित्रातल्या त्या लंबगोलाची रुंदी आणि उंची पट्टीने स्क्रीनवरच मोजायची. उंची रुंदीच्या सुमारे पाव असेल तर कोन १५ अंशांच्या आसपास, निम्मी असेल तर ३०, आणि सात दशांश असेल तर ४५. एका प्रकारच्या सगळ्या भांड्यांमध्ये हे प्रमाण सारखे ठेवले की यादीत ती शेजारी शेजारी दिसताना एका घरातली वाटतात. ते सारखे नसेल तर एक भांडे उथळ आणि दुसरे खोल असल्याचा उगीच भास होतो.

तांब्याला १२ ते १५ अंश पुरे झाले. त्याचे रूप पोटाच्या गोलाईत आणि गळ्याच्या वळणात आहे, आणि कॅमेरा वर नेला की हे दोन्ही आखडतात. पातेल्याचे तसे नाही. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई आहे की नाही, हा आमच्याकडचा पहिला प्रश्न असतो, कारण कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतात. म्हणजे चित्रात आतला तळ दिसायलाच हवा. आमच्या मधल्या पातेल्याचे तोंड २२ सेंटिमीटर आणि खोली १२ सेंटिमीटर आहे. कागदावर त्याची आकृती काढून पाहिली, तर पुढच्या काठावरून जाणारी नजर पलीकडच्या तळाच्या कोपऱ्याला जेमतेम पोहोचते ती २९ अंशांवर. म्हणजे चप्पलला योग्य ठरलेल्या ३० अंशांवर पातेल्याची आतली भिंत तेवढी दिसते, तळ जवळजवळ नाहीच. निम्मा तळ दिसायला ४८ अंश लागतात. मात्र तेवढ्या उंचीवरून पातेल्याची बाहेरची बाजू आखडते आणि ते थाळीसारखे दिसू लागते. शेवटी मुख्य चित्र ३० अंशांवर ठेवले आणि दुसरे चित्र खास कल्हईसाठी ५० अंशांवर घेतले. खोली आणि तोंड यांचे प्रमाण प्रत्येक पातेल्यात निराळे असते, त्यामुळे आपापल्या भांड्याची अशी आकृती काढणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

परात सपाट, तेव्हा ती वरून टिपावी असे कोणालाही वाटेल. पण उजळलेल्या पितळेचा सपाट तळ आरशासारखाच वागतो, आणि वरून टिपल्यावर परातीच्या मधोमध फोन, आडवा दांडा आणि माझा हात असे तिघेही विराजमान झाले. आरशाचा नियम येथे उपयोगी पडतो: ज्या कोनातून आपण पाहतो, तेवढ्याच कोनात पलीकडच्या बाजूला जे असेल ते त्यात दिसते. कॅमेरा ५० अंशांवर आणला आणि पलीकडे तेवढ्याच तिरक्या रेषेत थर्माकोलचा मोठा तक्ता उभा केला, तेव्हा तळात केवळ पांढरा मऊ उजेड उतरला आणि पितळेचा रंग सोनेरी, सारखा आला. तांब्याचे पोट फुगीर असल्याने त्यात कॅमेऱ्याचे प्रतिबिंब कुठल्याही कोनात पूर्ण जात नाही. तेथे लांब जाऊन ते बारीक करणे आणि फोनसमोर लेन्सपुरते भोक पाडलेला पांढरा कागद धरणे एवढेच करता येते.

समईसाठी घरातल्या सगळ्यांचे म्हणणे लो अँगलचे होते, कारण खालून पाहिल्यावर ती देवळातल्यासारखी उंच आणि भारदस्त दिसते. हे खरे आहे, परंतु कॅमेरा बैठकीच्या पातळीला नेला की वरच्या वाटीची फक्त खालची बाजू दिसते आणि वाती ठेवायच्या खाचा नाहीशा होतात. फोन वर झुकवला तर दांडा शेंड्याकडे निमुळता होतो, आणि दीड फुटाची समई चार फुटांची वाटून गिऱ्हाइकाची फसगत होते. त्यामुळे लो अँगलचे चित्र फक्त दिवाळीच्या जाहिरातपट्टीसाठी राखले. तेही फोन न झुकवता सरळ धरून घेतले आणि खालची रिकामी जागा नंतर कापून टाकली.

मुख्य चित्रासाठी कॅमेरा वाटीच्या थोडा वर हवा होता. ४५ सेंटिमीटरची समई १२० सेंटिमीटरवरून, लेन्स वाटीपेक्षा २० सेंटिमीटर वर ठेवून पाहिली, तर वाटी साधारण ९ अंशांतून दिसते आणि बैठक मात्र २८ अंशांतून. वरचा गोल बारीक आणि खालचा चांगलाच उघडा, असे दोन वेगळ्या चित्रांचे तुकडे जोडल्यासारखे ते दिसते. अंतर दुप्पट करून लेन्स वाटीपेक्षा ४० सेंटिमीटर वर घेतली, तेव्हा वाटीचा कोन तेवढाच राहिला आणि बैठकीचा सुमारे २० अंशांवर आला. समई एकसंध दिसू लागली. उंच वस्तूला लांबूनच टिपावे लागते ते यासाठी, आणि त्याकरिता आम्हाला माजघरातला झोपाळा काढून जागा करावी लागली.

मसाल्याला फार वेळ लागला नाही. बरणी जवळजवळ डोळ्याच्या पातळीवर, फार तर ५ ते १० अंशांवर ठेवावी. त्याहून वर गेले की झाकण मोठे होते आणि लेबलावरची अक्षरे चेपली जातात. बरणी गोल असल्याने लेबलाचा मधला भागच नीट वाचता येतो आणि कडेची अक्षरे वळणावर दाटतात. निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक हे मागच्या लेबलावर असते आणि ते वाचता येणे गरजेचे होते, म्हणून लेबल बरणीला चिकटवण्याआधी टेबलावर सपाट पसरून अगदी वरून टिपले. मसाल्याचा ढीग मात्र वरून टिपू नये. लाल रंगाची एक सपाट चकती तेवढी दिसते. वाटीत शीग भरून ४५ अंशांवर आणि बाजूच्या प्रकाशात घेतला तर भरडसरपणा कळतो, आणि जाऊबाईंचा आग्रह त्यासाठीच होता.

जुलैच्या शेवटी सगळी चित्रे चढवली. चप्पल आणि मसाला दोन-तीन दिवसांत मंजूर झाले. परातीचे चित्र मात्र ‘वस्तू अपूर्ण दिसते’ असा एका ओळीचा शेरा मारून परत आले, आणि विचारणा केल्यावर पुन्हा तीच ओळ आली. कारण आम्हालाच शोधावे लागले. परातीच्या चकचकीत काठात भोवतालची पांढरी शीट उतरली होती आणि मागेही शुद्ध पांढरेच असल्याने काठाचा एक तुकडा पार्श्वभूमीत विरघळून गेला होता. फोनच्या छोट्या पडद्यावर हे ध्यानात येत नाही. चित्राचा उजळपणा कमी करून पाहिले तर तुटलेली कड लगेच दिसते. काळ्या कार्डबोर्डच्या चार बोटे रुंद पट्ट्या कापून चौकटीच्या किंचित बाहेर, परातीच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. त्यांचे प्रतिबिंब काठावर पडून एक बारीक गडद रेघ तयार झाली आणि परातीचा गोल पूर्ण दिसू लागला. कोन तोच, ५० अंशांचा ठेवला. दुसऱ्या खेपेला चित्र मंजूर व्हायला आठवडाभर लागला, तेव्हा सणासाठी माल लावणाऱ्यांनी एवढी सवड हाताशी ठेवावी.

भांड्यांचा विभाग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. त्यानंतर आलेल्या विचारणांमध्ये कल्हईचा प्रश्न जवळजवळ दिसला नाही. चप्पलच्या बाबतीत मापाविषयीचे प्रश्न अजूनही येतात, आणि ते कोनाने सुटणारे नाहीत. त्यासाठी वरून घेतलेल्या चित्राशेजारी सेंटिमीटरमधला मापांचा तक्ता जोडला आहे. ट्रायपॉडवरच्या खुणा आणि फरशीवरच्या पट्ट्या तशाच ठेवल्या आहेत, कारण नवा माल आला की त्याचे चित्र जुन्या चित्रांशेजारी बसायला हवे. वहीत प्रत्येक मालापुढे अंतर, उंची, झूम आणि लंबगोलाचे प्रमाण एवढे चारच आकडे लिहून ठेवते.